सर्दी विषाणूची, लक्षणं आपली

इंग्लंडमधल्या सॉल्सबरी गावाजवळ 1946 साली एक आगळं संशोधन केंद्र सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी तिथे हॉस्पिटलच्या बराकी उभारल्या होत्या. त्याच बराकींमध्ये धडधाकट माणसं स्वखुशीने दहा दिवस राहायला येत आणि नाकात थेंब टाकून घेत. कुणाच्या थेंबांत सर्दीचा विषाणू असे, कुणाच्या थेंबांत नुसतं निर्धोक द्रावण. कुणाला काय मिळालं हे ना त्या माणसाला माहीत असे, ना त्याला तपासणाऱ्या डॉक्टरला. मग रोज त्यांची लक्षणं टिपली जात, थर्मामीटर लावला जाई, आणि नाक पुसून टाकलेले कागदी रुमाल मोजून त्यांचं वजनही केलं जाई. नाक किती गळलं याचा याहून सरळ हिशेब दुसरा कुठला असणार?

चार दशकांहून अधिक चाललेल्या या कामातून एक विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आली. विषाणू नाकात गेलेल्या सगळ्यांना सर्दी होत नसे. काहींच्या नाकात तो सापडे, तो वाढल्याच्या खुणा मिळत, पुढे रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडंही वाढलेली दिसत, पण रुमाल मात्र कोरडाच राही. विषाणू आत शिरला, वाढला आणि हरलाही, तरी एक शिंक आली नाही. म्हणजे विषाणूची लागण होणं आणि सर्दीची लक्षणं दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग नाक गळणं, शिंका, अंगातली कणकण हे सगळं येतं कुठून? ते बहुतांशी आपल्याच शरीराकडून येतं. हे नीट कळलं की सर्दीच्या कोणत्या गोळीला हात लावायचा आणि कोणती डब्यातच ठेवायची, हे ठरवणं पुष्कळ सोपं होतं.

सर्दी आणणारे विषाणू अनेक आहेत. त्यांतला सर्वांत नेहमीचा म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. ‘ऱ्हायनो’ म्हणजे नाक. हा इतका लहान की मिलिमीटरभर रेषेवर तीस हजार तरी शेजारी शेजारी मावतील. याचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत. एकाविरुद्ध मिळवलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यावर फारशी चालत नाही, म्हणूनच आयुष्यभर आपल्याला सर्दी होत राहते. तो हवेतून येतो, तसाच बोटांवरूनही येतो. बोट नाकाला लागलं तर सरळ आत, आणि डोळ्याला लागलं तरी अश्रूंच्या नळीतून नाकातच. तिथून तो मागे, घशाच्या वरच्या भागात पोहोचतो. तिथल्या पेशींवर त्याला धरून बसायला हवी तशी जागा असते. सर्दीची पहिली चाहूल बऱ्याचदा नाकात न लागता घशात खवखव होऊन लागते, ती यामुळेच.

पेशीत शिरल्यावर आठ ते बारा तासांत त्याच्या नव्या प्रती बाहेर पडू लागतात. यापुढे नाकाच्या अस्तराची चाळण होत असेल असं कुणालाही वाटेल. पण सर्दी झालेल्या माणसांच्या नाकातलं अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा ते बहुतेक जसंच्या तसं आढळलं. लागण झालेल्या पेशी थोड्या आणि विखुरलेल्या होत्या. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेच्या पेशी सोलून काढतो, तसं इथे घडत नाही. एवढ्याशा नुकसानीतून एवढं पाणी गळतं, याचाच अर्थ नळ उघडणारा हात विषाणूचा नाही.

तो हात कुणाचा हे एका छोट्या प्रयोगाने दाखवलं. सूज येते तेव्हा शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन तयार होतं. सर्दीत नाकातल्या पाण्यात ते वाढलेलं सापडतं. 1988 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी निरोगी माणसांच्या नाकात नुसतं ब्रॅडिकायनिन फवारलं. विषाणूचा मागमूस नव्हता, तरी नाक चोंदलं, गळू लागलं आणि घसाही दुखला. इंटरफेरॉनची गोष्टही अशीच आहे. विषाणू शिरलेली पेशी शेजारच्या पेशींना सावध करण्यासाठी जे प्रथिन सोडते, ते इंटरफेरॉन. शेजारच्या पेशींना ते मिळालं की त्या आपल्या आतली यंत्रणा बदलून विषाणूला वाढू देत नाहीत. हे प्रथिन बाहेरून नाकात फवारून सर्दी टाळता येईल का, हे सॉल्सबरीत आणि इतरत्रही तपासलं गेलं. सर्दी टळत होती, पण सलग वापर केल्यावर नाक चोंदायचं, कधी त्यातून रक्त यायचं. सर्दी टाळायला घेतलेलं औषधच सर्दीसारखा त्रास देत होतं, कारण आपण ज्याला सर्दी म्हणतो त्यातला मोठा भाग म्हणजे हा बचावच आहे.

गेल्या जुलैत, शाळा सुरू होऊन महिना झाला असेल, माझी पाच वर्षांची मुलगी घसा खाजतोय म्हणत घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाकातून पाण्यासारखी धार, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेच दाट, पिवळं, मग हिरवट. आमच्या घरात रंग पाहून लगेच ‘आता इन्फेक्शन झालं, अँटिबायोटिक आणा’ अशी घाई सुरू झाली. तो रंग काय सांगत होता, ते जरा सावकाश पाहू.

नाकात शेंबूड निरोगी माणसाच्याही असतोच, आणि दिवसाकाठी पुष्कळ तयार होतो. तो आपण नकळत गिळतो, एवढंच. त्यात बहुतेक पाणी असतं आणि त्याला चिकटपणा देणारी थोडी प्रथिनं. हा चिकट थर एका अतिशय पातळ द्रवावर तरंगत असतो, आणि त्याखाली पेशींवर उगवलेले सूक्ष्म रोम सेकंदाला दहाएक वेळा एकाच दिशेने हलत त्याला मागे घशाकडे ढकलत राहतात. कान-नाक-घशाचे डॉक्टर हे रोम चालतात की नाही हे पाहण्यासाठी एक साधी तपासणी करतात. सॅकरिनचा एक कण नाकपुडीच्या आत थोडासा पुढे ठेवायचा आणि माणसाला शांत बसवायचं. साधारण दहा-पंधरा मिनिटांनी तो म्हणतो, ‘तोंड गोड लागतंय.’ कण शेंबडाबरोबर घशापर्यंत पोहोचलेला असतो. अर्धा तास उलटूनही गोडी लागली नाही, तर रोमांचं काम मंदावलंय असं समजतात.

श्वासाबरोबर आलेली धूळ, जंतू, विषाणू या सरकत्या थरावर चिकटतात आणि पोटात जातात. तिथलं आम्ल बहुतेकांची वाट लावतं, आणि ऱ्हायनोव्हायरस तर आम्लात अजिबात तगत नाही. शेंबूड गिळल्याने सर्दी पोटात उतरते ही भीती म्हणूनच सोडून द्यावी.

पण शेंबूड म्हणजे नुसता गोंद नव्हे. 1921 मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगना सर्दी झाली होती. त्यांनी आपल्याच नाकातला शेंबूड जिवाणूंच्या वसाहतीवर टाकून पाहिला आणि त्याच्या आसपासचे जिवाणू विरघळून गेले. त्यातून सापडलेल्या पदार्थाला त्यांनी लायसोझाइम नाव दिलं. पेनिसिलिन अजून काही वर्षं पुढे होतं. लायसोझाइम जिवाणूंवर चालतं, ऱ्हायनोव्हायरसवर नाही. पण शेंबडात विषाणूला पेशीला चिकटण्याआधीच पकडणारी प्रतिपिंडंही असतात, आणि सर्दीच्या दिवसांत शरीर हा सगळा साठा भरभरून ओततं. सुरुवातीचं पाणी हे रक्तवाहिन्या सैल होऊन त्यांतून झिरपलेला द्रव आणि जोमाने पाझरणाऱ्या ग्रंथींचा स्राव असतो. सुजलेल्या ठिकाणी अडकलेले विषाणू वाहून नेणं हेच त्याचं काम.

आता रंग. दोन-तीन दिवसांत पांढऱ्या पेशी तिथे मोठ्या संख्येने येतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशींच्या पोतडीत एक एन्झाइम असतं. त्यात लोह असतं आणि त्याचा मूळ रंगच हिरवा असतो. या पेशी कामी येऊन फुटतात तेव्हा तो हिरवा रंग शेंबडात उतरतो. पेशी थोड्या असतील तर पिवळसर, खूप असतील तर हिरवा. रात्रभर नाकात साठून पाणी कमी झालेला सकाळचा पहिला शेंबूड सर्वांत गडद दिसतो आणि दुपारी फिका पडतो, तो यामुळेच. साध्या विषाणूच्या सर्दीतही असा हिरवा रंग येतोच. तो आपल्याच पेशींचा रंग आहे, जिवाणू आल्याचा पुरावा नव्हे. मुलीच्या बालरोगतज्ज्ञांनी छाती ऐकली, कान पाहिले आणि अँटिबायोटिक लिहून द्यायला नकार दिला. मिठाच्या पाण्याचे नाकात टाकायचे थेंब तेवढे दिले. ते योग्यच होतं. अँटिबायोटिकचा ऱ्हायनोव्हायरसवर काडीचाही परिणाम होत नाही.

शिंकेकडे वळू. सुजलेल्या अस्तरातल्या मज्जातंतूंची टोकं हळवी झालेली असतात. एरवी ज्याची दखलही घेतली गेली नसती, अशा धुळीच्या कणाने किंवा थंड हवेच्या झोताने ती चाळवतात. संदेश मेंदूच्या बुडाशी असलेल्या केंद्राकडे जातो आणि तिथून छाती, पोट, घसा, चेहरा, पापण्या अशा कितीतरी स्नायूंना एका ठरलेल्या क्रमाने हुकूम सुटतो. आधी खोल श्वास, मग कोंडलेली हवा एकदम बाहेर.

शिंकेने पेशीच्या आत बसलेला विषाणू बाहेर पडत नाही. तिचं काम अडकलेला दाट थर हलवण्याचं आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. नाकातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर शिंकेइतक्या दाबाच्या हवेचा झटका दिला, तेव्हा रोम पुढची काही मिनिटं जास्त वेगाने हलत राहिले. मंदावलेला सरकता पट्टा झटक्याने पुन्हा चालू व्हावा तसं. जुनाट सायनसचा त्रास असलेल्यांच्या पेशींनी मात्र त्याच झटक्याला असा प्रतिसाद दिला नाही. अशा माणसांच्या शिंका थांबता थांबत नाहीत, पण नाक मोकळं होत नाही, याचं एक कारण तिथे दिसतं.

इथे शिंक आणि नाक शिंकरणं यांतला फरक लक्षात घेण्यासारखा आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या डॉ. जॅक ग्वाल्टनी यांच्या गटाने क्ष-किरणांत दिसणारा द्रव नाकात सोडून पाहिलं. शिंकल्याने किंवा खोकल्याने तो सायनसमध्ये गेला नाही, पण जोर लावून नाक शिंकरल्यावर गेला, कारण शिंकरताना नाकाच्या आत बराच जास्त दाब तयार होतो. म्हणून मुलांना ‘जोरात शिंकर’ असं सांगू नये. एक नाकपुडी हलके दाबून दुसरी अलगद मोकळी करायची. आणि आलेली शिंक नाक-तोंड दाबून कोंडू नये, तो दाब कानाकडे जातो. कोपराच्या घडीत शिंकावं. आपली शिंक आपलं नाक साफ करते, पण विषाणूला दुसऱ्याच्या नाकापर्यंत पोहोचण्याचं वाहनही तीच असते. शरीराचा प्रत्येक बचाव असा दुधारी आहे.

उरला ताप. प्रौढ माणसाला साध्या सर्दीत ताप क्वचितच येतो. आला तर कणकण, तेवढंच. मुलांना मात्र येतो. माझ्या मुलीला दुसऱ्या संध्याकाळी थंडी वाजायला लागली. कपाळ तापलेलं, हातपाय गार, आणि ती गोधडी ओढून मुटकुळं करून पडलेली. थर्मामीटरवर 101. अंग गरम असताना थंडी का वाजावी, हा तिचाच प्रश्न होता.

घरातल्या गीझरला तापमान ठरवणारा काटा असतो, तसा आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाच्या भागात एक असतो. लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनी सोडलेली रसायनं रक्तातून तिथपर्यंत पोहोचली की तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि काटा वर सरकतो. आता शरीराचं ‘योग्य’ तापमान 102 ठरलं आणि अंग अजून 100 वरच असेल, तर मेंदूच्या हिशेबी अंग थंड आहे. मग तो हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून उष्णता आत राखतो आणि स्नायूंना थरथरवून नवी तयार करतो. तीच हुडहुडी. काटा खाली आला की उलट घडतं, अंगावरची गोधडी नकोशी होते आणि घाम फुटतो. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, म्हणून काटा खाली येतो. विषाणूला ते काहीही करत नाही.

शरीर एवढा खटाटोप का करतं? अंग एक अंश सेल्सियस तापवायलाही दहा टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन जळतं. ही उधळपट्टी असती तर कधीच टाकून दिली गेली असती. मॅथ्यू क्लुगर या शास्त्रज्ञाने 1975 मध्ये वाळवंटी इग्वाना या सरड्यांवर केलेला प्रयोग यासाठी फार बोलका आहे. सरड्याला आपलं अंग आतून तापवता येत नाही, आजारी पडल्यावर तो नुसता उबदार जागी जाऊन बसतो. क्लुगरने सरड्यांना जिवाणूंची लागण करून वेगवेगळ्या ठरावीक तापमानांत ठेवलं. थंड जागी ठेवलेले बहुतेक मेले, आणि तापाइतक्या उबेत ठेवलेले बहुतेक वाचले.

सर्दीच्या विषाणूचं तर उष्णतेशी खास वैर आहे. तो प्रयोगशाळेत वाढता वाढत नव्हता, तेव्हा सॉल्सबरीतल्या डेव्हिड टायरेल यांनी पेशींचं तापमान शरीराच्या 37 अंश सेल्सियसवरून 33 वर आणलं. हीच नाकाच्या आतली ऊब. त्यानंतर तो वाढू लागला. त्याला नाक आवडतं आणि फुप्फुसं तितकी मानवत नाहीत याचं हे एक कारण. येल विद्यापीठातल्या एलन फॉक्समन आणि अकिको इवासाकी यांनी 2015 मध्ये उंदरांच्या श्वासमार्गातल्या पेशींत याची दुसरी बाजू दाखवली. 33 अंशांना विषाणू जास्त वाढतो, कारण तितक्या थंडाव्यात पेशींचा इंटरफेरॉनचा इशाराच क्षीण होतो. 37 ला तो जोरात वाजतो. हा प्रयोग बशीतल्या पेशींवरचा आहे, माणसाच्या तापावरचा नाही, त्यामुळे त्यावरून ताप चढू द्यावा असा निष्कर्ष काढू नये. पण उष्णता कुणाच्या बाजूने आहे, ते त्यात स्पष्ट दिसतं.

माणसांवरचा एक प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला आणि 1990 मध्ये छापून आला. साठ निरोगी स्वयंसेवकांना ऱ्हायनोव्हायरसची लागण केली. कुणाला अ‍ॅस्पिरिन, कुणाला पॅरासिटामॉल, कुणाला आयबुप्रोफेन आणि कुणाला नुसती औषध नसलेली गोळी दिली. अ‍ॅस्पिरिन आणि पॅरासिटामॉल घेणाऱ्यांच्या रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं कमी तयार झाली, आणि त्यांचं नाकही जास्त चोंदलं. प्रयोग लहान होता. त्यावरून पॅरासिटामॉल वाईट ठरत नाही. पण अंग जरा कोमट लागलं की सवयीने गोळी देण्याला आधार उरत नाही, एवढं मी त्यावरून मानते.

म्हणून त्या संध्याकाळी आम्ही आकड्याकडे कमी आणि मुलीकडे जास्त पाहिलं. ती पाणी पीत होती, मऊभात खात होती, हाक मारली की नीट उत्तर देत होती. औषध दिलं नाही. रात्री उशिरा डोकं दुखून ती रडू लागली, झोप लागेना, तेव्हा वजनानुसार डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मापाने पॅरासिटामॉल दिलं आणि ती शांत झोपली. गोळी ही मुलाच्या हालासाठी असते, थर्मामीटरसाठी नसते. थंड पाण्याच्या पट्ट्यांनी काटा खाली येत नाही, फक्त कातडी गार होते आणि हुडहुडी वाढते. मुलांना अ‍ॅस्पिरिन मात्र कधीच देऊ नये, विषाणूच्या आजारात त्यातून यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते.

नाकासाठीही हाच विवेक ठेवावा. चोंदलेलं नाक मोकळं करणारे औषधी थेंब रक्तवाहिन्या आवळतात आणि रात्रीची झोप मिळवून देतात, पण ते चार-पाच दिवसांपलीकडे घेत राहिलं तर औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस त्या बाटलीत अडकतो. लहान मुलांची ‘सर्दीची बाटली’ तर घरच्या घरी देऊच नये. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 मध्ये काढला आहे. बाटलीवर ही नावं असतात, ती वाचावीत. वाफेसाठी उकळत्या पाण्याचं पातेलं मुलांसमोर ठेवू नये. त्याने भाजण्याचा धोका मोठा आणि फायदा थोडा.

बचावाची ही सगळी धावपळ साधारण सात ते दहा दिवसांत ओसरते. ओसरत नसेल, तर लढाई सर्दीची नाही किंवा ती दुसरीकडे पसरली आहे. बरं वाटायला लागल्यावर पुन्हा ताप चढणं, कान ठणकणं, ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहणं, दम लागणं, छातीत शीळ वाजणं, मूल पाणी पीत नसणं किंवा मलूल पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे जावं. आपल्याकडे पावसाळ्यात एक गोष्ट आणखी पाहावी. ताप चांगला चढलाय, अंग मोडून निघतंय, पण नाक कोरडं आहे आणि शिंकही नाही, तर तो सर्दीचा ताप समजू नये. डेंग्यू आणि मलेरियाची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि तोवर पॅरासिटामॉलशिवाय दुसरी कुठलीही वेदनाशामक गोळी घेऊ नये. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर नाक गळत असो वा नसो, वाट न पाहता त्याच वेळी हॉस्पिटल गाठावं.